फोटोतला प्राणी घूस, उंदीर की चिचुंद्री? शेपटी, कान आणि मुस्कट यांवरून ओळखायची रीत

रात्री माळ्यावर काहीतरी पळतं, मोबाइलवर एक धूसर फोटो मिळतो आणि घरात निकाल लागतो, "एवढं मोठं होतं, घूसच!" शेतात बांधावर बीळ दिसलं, की तिथला फोटो "उंदीर" म्हणून फिरतो. न्हाणीघराच्या कोपऱ्यातून भिंतीकडेने सरकणाऱ्या चिचुंद्रीला "उंदराचं पिल्लू" म्हणून मारलं जातं. या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच सवय आहे. आपण आधी आकार पाहतो, मग रंग, आणि जे खरोखर पाहायला हवं ते शेवटी.

फोटोत आकार फसवतो, कारण जवळ काय आहे आणि लांब काय आहे हे फोटो सांगत नाही. रंग त्याहून जास्त फसवतो. रात्रीच्या कॅमेऱ्यात सगळेच करडे दिसतात, आणि घरातला उंदीर काळपट, तपकिरी किंवा पिवळसर पोटाचा असा कसाही असू शकतो. टिकून राहतात त्या तीन गोष्टी: शेपटी, कान आणि मुस्कट. त्याही ठरावीक क्रमानेच पाहायला हव्यात. क्रम बदलला की चूक पुढच्या टप्प्यात तशीच सरकते.

बोलताना आपण नावं सैल वापरतो, म्हणून या लेखापुरती ती बांधून घेतो. घरउंदीर म्हणजे माळ्यावर, छपरात, झाडावर चढणारा सडपातळ उंदीर. गटारउंदीर म्हणजे नाल्याकाठचा, जाडसर, बोथट तोंडाचा. पिटुकला उंदीर म्हणजे कपाटाच्या फटीतून जाणारा अंगठ्याएवढा. घुशी दोन: शेतात आणि गोदामात बिळं करणारी लहान घूस, आणि किलोभरापर्यंत जाऊ शकणारी मोठी घूस. खार आणि चिचुंद्री यांची नावं सर्वांना माहीत आहेत. चिचुंद्री मात्र कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी नाहीच, ती कीटक खाणाऱ्यांच्या कुळातली आहे.

## टप्पा १: फोटो हातात घेण्याआधी

मूळ फोटो मागा. पुढे पाठवत पाठवत आलेल्या फोटोत बारीक केस आणि कानाची कडा पुसली जाते, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. व्हिडिओ असेल तर आणखी चांगलं. तो थांबवत थांबवत पुढे न्या आणि तीन-चार वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट काढा. एकात शेपटी पूर्ण दिसेल, दुसऱ्यात तोंड बाजूने येईल. सगळं एकाच चौकटीत मिळत नाही.

फोटो उजळ करायला हरकत नाही. पण "धार वाढवा" किंवा "स्पष्ट करा" असले पर्याय वापरू नका. फोन नसलेले केस रंगवतो आणि गुळगुळीत शेपटी केसाळ दिसू लागते.

नव्याने फोटो काढायचा असेल तर प्राण्याच्या मागे धावू नका. तो ज्या कडेने येतो-जातो तिथे फोन टेकवून ठेवा आणि व्हिडिओ चालू सोडा. उजेड बाजूने पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की कान डोक्यात मिसळून जातात. मापासाठी सोपी युक्ती म्हणजे फरशी. प्राणी गेल्यावर ती फरशी किती सेंटिमीटरची आहे ते मोजा, कारण फोटोत ती आधीच आलेली असते. मातीत काढलेला फोटो असेल तर त्याच जागी एक मोजपट्टी ठेवून, त्याच उंचीवरून, दुसरा फोटो घ्या.

सावध: मेलेला प्राणी उघड्या हाताने सरळ करू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. जाड पिशवी हातावर चढवा, किंवा काडीने शेपटी मोकळी करून वरून फोटो काढा.

## टप्पा २: शेपटीवर केस आहेत का, आणि कुठवर?

इथे खार बाजूला निघते. खारीची शेपटी बुडापासून टोकापर्यंत झुपकेदार असते, दोन्ही बाजूंना केस उभे असतात, आणि उजेड मागून आला की त्या केसांची कडा चमकते. उंदीर आणि घूस यांची शेपटी खवल्यांची, बारीक वळ्यावळ्यांची दिसते. तिच्यावर केस असतात, पण इतके आखूड की फोटोत ते दिसत नाहीत.

फरक इतका ढोबळ असूनही लोक फसतात, आणि तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, भिजलेली खार. मी स्वतः पावसात काढलेल्या एका फोटोवरून खारीला घरउंदीर ठरवलं होतं. शेपटी दोरीसारखी चिकटली होती आणि पाठही काळी पडली होती. दुसऱ्या फोटोत पाठीवरचे फिकट पट्टे दिसले, तेव्हा चूक लक्षात आली. तेव्हापासून ओल्या प्राण्याची शेपटी मी पुरावा मानत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या खारींच्या पाठीवर तीन किंवा पाच फिकट पट्टे असतात, आणि घरातल्या कुठल्याच उंदराला ते नसतात.

दुसरं, झुपका फक्त टोकाला असणं. शेताच्या कोरड्या, मोकळ्या भागात जर्बिल नावाचा उंदीर असतो. त्याची शेपटी शरीरापेक्षा लांब, आणि टोकाशी गडद केसांचा ब्रश असतो. डोळे मोठे, पोट पांढरं, मागचे पाय लांब. झुपका दिसला म्हणून त्याला खार म्हटलं जातं. तपासा: शेपटीच्या मधल्या भागावर केस उभे आहेत का? मधला भाग सडसडीत आणि फक्त टोक केसाळ असेल तर ती खार नाही.

तिसरं, वेळ आणि वागणं. "दोन हातात धरून खात होता, म्हणून खार" हा पुरावा अजिबात चालत नाही, उंदीरही तसंच खातात. "झाडावर होता" हेही चालत नाही, घरउंदीर तारेवरून आणि फांदीवरून सहज जातो. वेळ मात्र एकाच बाजूने उपयोगी पडते. आपल्या या खारी दिवसा वावरतात, त्यामुळे रात्री बाराच्या फोटोत फांदीवर दिसणारा प्राणी खार असण्याची शक्यता फारच कमी. उलट दिवसा दिसला म्हणून तो उंदीर नाही, असं म्हणता येत नाही. उपाशी किंवा जागेवरून हुसकलेला उंदीर भर दुपारीही बाहेर पडतो.

शेकरूबद्दल एकच ओळ पुरे: ती इतकी मोठी, तपकिरी-तांबूस आणि लांब झुपकेदार शेपटीची असते, की तिची गल्लत उंदराशी होत नाही.

## टप्पा ३: मुस्कट पहिल्यांदा पाहा, फक्त चिचुंद्रीसाठी

खार बाजूला झाली की लगेच शेपटी मोजायला बसू नका. आधी चिचुंद्री वेगळी काढा, कारण तिची मापं उंदराच्या कोष्टकात घातली की निकाल भलताच येतो.

प्राणी बाजूने दिसतो असा फोटो घ्या. उंदराचं तोंड पुढे निमुळतं होतं, पण वरचा आणि खालचा जबडा जवळपास बरोबरीने संपतात. चिचुंद्रीचं नाकाड खालच्या जबड्याच्या बरंच पुढे येतं, एखाद्या लहान सोंडेसारखं, आणि तोंडाची फट नाकाडाच्या खालच्या बाजूला मागे दिसते. व्हिडिओत हे नाकाड सतत हलताना दिसतं. डोळे टाचणीच्या डोक्याएवढे बारीक असतात. उंदराचा डोळा फोटोत मणी असल्यासारखा उठून दिसतो, चिचुंद्रीचा शोधावा लागतो.

आता तिची शेपटी पाहा. ती बुडाशी जाड आणि टोकाकडे भराभर निमुळती होते, मुळ्याच्या आकाराची म्हणा. तिच्यावर लांब लांब पण विरळ केस उभे असतात. अंगावरचे केस आखूड आणि मखमलीसारखे, त्यामुळे पाठ गुळगुळीत दिसते. मेलेल्या प्राण्याचा फोटो असेल तर पुढच्या पंज्याची बोटं मोजा. चिचुंद्रीला पुढेही पाच बोटं असतात. उंदीर-घुशीच्या पुढच्या पंज्यावर चारच स्पष्ट दिसतात, अंगठा नावापुरता उरलेला असतो.

एका ओळीत, एकमेकींची शेपटी किंवा पाठ तोंडात धरून चाललेली लहान लहान पिल्लं व्हिडिओत दिसली, तर पुढे काही पाहायची गरज नाही. ती चिचुंद्रीची पिल्लं आहेत.

सावध: चिचुंद्री खाली वाकून जमीन हुंगत असेल तर नाकाड सावलीत जातं आणि डोकं उंदरासारखं आखूड दिसतं. असा एकच फोटो असेल तर शेपटीचा आकार आणि डोळा या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय "उंदीर" म्हणू नका. चिचुंद्री झुरळं आणि किडे खाते. तिला उंदीर समजून विष ठेवलं तर घरातली झुरळं कमी करणारी एक सोबतीणच जाते.

## टप्पा ४: शेपटी मोजा, आणि ती दोऱ्याने मोजा

खरा निकाल इथे लागतो, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. प्रश्न साधा आहे: शेपटी उरलेल्या शरीरापेक्षा लांब आहे की आखूड?

डोळ्याने अंदाज घेऊ नका. फोटो स्क्रीनवर मोठा करा, एक बारीक दोरा घ्या. नाकाच्या टोकापासून पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत दोरा वळवत न्या, खूण करा आणि पट्टीवर मोजा. मग तोच दोरा शेपटीच्या बुडापासून टोकापर्यंत, वळणं धरून. शेपटीच्या मापाला शरीराच्या मापाने भागा.

- १ च्या बऱ्यापैकी वर, साधारण १.१ ते १.३: घरउंदीर. आकार अगदी छोटा असेल तर पिटुकला उंदीर, त्याची शेपटी शरीराएवढी किंवा जरा लांब असते.
- १ च्या खाली, साधारण ०.७ ते ०.९५: लहान घूस किंवा गटारउंदीर.
- ०.५ ते ०.६५: मागच्या टप्प्यावर परत जा, बहुधा चिचुंद्री निसटली आहे.

मोठ्या घुशीची शेपटी शरीराएवढी किंवा किंचित आखूड असते, म्हणून ती या मापाच्या सीमेवर येते. ०.९५ ते १.०५ मध्ये उत्तर आलं तर शेपटीवरून काहीच ठरवू नका, कानाकडे जा.

हे माप तीन अटींवरच खरं धरायचं.

प्राणी कॅमेऱ्याला आडवा असायला हवा, किंवा फोटो सरळ वरून घेतलेला. तो कॅमेऱ्याकडे येत असेल तर मागे राहिलेली शेपटी आखूड दिसते आणि घरउंदराची घूस होते. पाठ फिरवून पळत असेल तर उलट होतं: शेपटी जवळ आल्यामुळे लांब दिसते आणि घुशीचा उंदीर होतो. घरातल्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात कडेला गेलेला प्राणी ताणल्यासारखा दिसतो, तिथे तर हे माप टाळाच.

प्राणी लांबलेला असायला हवा. कुबड काढून बसलेल्या उंदराचं शरीर आखूड भासतं. चालताना, पाय पसरलेला क्षण निवडा.

शेपटी पूर्ण असायला हवी. भांडणात किंवा सापळ्यात तुटलेली शेपटी नेहमी आढळते. टोक निमुळतं होत संपतं का ते पाहा. बोथट, ठेचकाळलेलं टोक असेल तर माप सोडून द्या. मेलेला प्राणी फुगला असेल तर त्याचं पोट फुगतं पण शेपटी तशीच राहते, त्यामुळे गुणोत्तर खाली येतं. अशा फोटोत कान आणि मुस्कट यांवरच विसंबा.

शेपटीचा रंगही पाहून घ्या. गटारउंदराची शेपटी वरून गडद आणि खालून फिकट असते. लहान घुशीची बहुधा वरखाली एकसारखी गडद, घरउंदराचीही तशीच. पण खालची बाजू फोटोत क्वचितच दिसते. दिसली तर वापरा, शोधत बसू नका.

## टप्पा ५: कान आणि डोळ्यामधलं अंतर

कान "मोठा" की "लहान" हे प्रत्येकाला वेगळं वाटतं. म्हणून कान कशाशी तरी ताडून पाहा. बाजूने काढलेल्या फोटोत दोन मापं घ्या: कानाची उंची, आणि कानाच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर.

घरउंदराचा कान मोठा, पातळ, जवळजवळ केस नसलेला. तो पुढे वाकवला तर डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे फोटोत कानाची उंची त्या अंतराएवढी किंवा जास्त भरते. उजेड मागून आला तर तो अर्धपारदर्शक दिसतो, आतली शीरही दिसते. पिटुकल्या उंदराचेही कान त्याच्या डोक्याच्या मानाने मोठे असतात.

गटारउंदराचा कान जाडसर, आखूड आणि केसाळ, डोक्याच्या केसांत अर्धा बुडालेला. उंची त्या अंतरापेक्षा कमी भरते. लहान घुशीचा कान गोल आणि मातकट-गुलाबी, डोक्याला चिकटलेला न दिसता गोलसर उठलेला असतो. पण डोकं इतकं रुंद, की कान लहानच भासतो. खारीचा कान लहान, गोल आणि डोक्यावर वरच्या बाजूला. चिचुंद्रीचा कान गोलसर, पण डोळे बारीक असल्यामुळे कान मोठा वाटतो. याच भासामुळे अनेकजण तिला "मोठ्या कानाचा पिटुकला उंदीर" म्हणतात.

तपासा: कान पुढे वळलेला आहे की मागे? घाबरलेला उंदीर कान मागे दाबतो. एकाच फोटोवरून "कान लहान" असा निर्णय दिला की घरउंदराचा गटारउंदीर होतो. व्हिडिओत प्राणी शांत असतानाचा क्षण शोधा.

## टप्पा ६: मुस्कट दुसऱ्यांदा, आता जाडीसाठी

आता उरलेला प्रश्न एवढाच: हा घरउंदीर आहे, गटारउंदीर आहे की घूस?

वरून काढलेला फोटो सर्वांत उपयोगी. घरउंदराचं डोकं वरून पाहिलं तर पाचरीसारखं निमुळतं होत जातं. घुशीचं डोकं रुंद आणि आखूड, नाकाशीही रुंदच. तेलुगूत घुशीला "पंदिकोक्कु" म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात, ते या थोबाडामुळे. इंग्रजीतलं "बँडिकूट" त्यावरूनच आलं. पण इंटरनेटवर बँडिकूट शोधलं की ऑस्ट्रेलियातले पोटपिशवीचे, लांब नाकाचे प्राणी समोर येतात. त्यांच्या फोटोशी आपला फोटो ताडू नका. त्यांचा आपल्या घुशीशी काही संबंध नाही.

मोठ्या घुशीच्या पाठीवर, विशेषतः कंबरेकडे, इतर केसांवरून निघालेले लांब काळे राठ केस असतात. बाजूच्या उजेडात ते काटेरी कडा असल्यासारखे दिसतात. पायही काळपट असतात. भडकली की घूस केस फुलवते, आणि मग फोटोत ती जितकी आहे त्याच्या दीडपट वाटते. "मांजराएवढी" या वर्णनाचा उगम बहुधा इथेच असावा.

लहान घूस आणि गटारउंदीर यांत मात्र फोटोवरून खात्री करणं खरोखर कठीण आहे. दोघांची शेपटी आखूड, दोघांचं तोंड बोथट. अशा वेळी मी प्राण्याचा फोटो बाजूला ठेवतो आणि बिळाचा फोटो मागतो. लहान घूस बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग टाकते, अनेकदा तोंडच ताज्या मातीने बुजवलेलं असतं. उभ्या पिकाच्या बांधावर असे ढीग असतील तर घुशीकडेच कल द्यावा.

## पिल्लं: वेगळा हिशेब

उंदराच्या पिल्लाला पिटुकला उंदीर समजणं ही सर्वांत नित्याची चूक. आकार सारखाच असतो, पण प्रमाणं वेगळी. मोठ्या उंदराच्या पिल्लाचं डोकं आणि मागचे पाय शरीराच्या मानाने बोजड असतात, जणू दुसऱ्याचे जोडे घातलेत. पिटुकला उंदीर प्रौढ असतो, त्याचे पाय नाजूक आणि शरीराशी जुळणारे. घुशीच्या पिल्लाला घरउंदीर म्हणण्याची चूकही वारंवार होते, तिथे तोंडाची रुंदी पाहा.

घरट्यातून पडलेलं बिनकेसांचं पिल्लू आणलं जातं तेव्हा लोकांना शेपटीच्या केसांचा आधार नसतो. खारीच्या पिल्लाच्या पाठीवर केस नसतानाही पट्ट्यांची पुसट सावली पाहायला मिळते, आणि बोटं व नखं लांब, पकड घेणारी असतात. ती सावली न दिसल्यास लगेच "उंदीर" ठरवून टाकू नका. पिल्लू कुठे पडलं होतं ते विचारा: झाडाखाली, की कपाटामागे.

## एक फोटो, सुरुवातीपासून

आमच्या एका नातेवाइकांचा फोन आला. "अहो दादा, घूस शिरलीय कोठीच्या खोलीत. मोरीच्या तोंडाशी दोन आठवडे गोळ्या ठेवल्या, एक उचलली नाही." त्यांनी तीन फोटो पाठवले. दोन फोटोंत फक्त मागचा भाग. तिसरा व्हिडिओतला क्षण, प्राणी फरशीवरून आडवा चाललेला.

शेपटीला झुपका नाही, तर खार बाद. तोंड बाजूने दिसत होतं, दोन्ही जबडे सारखे संपलेले, डोळा ठळक, म्हणून चिचुंद्रीही बाद. दोऱ्याने स्क्रीनवर शरीर ४४ मिलिमीटर भरलं आणि शेपटी ५३. भागाकार १.२. इथेच घूस डळमळली.

पण प्राणी जरा तिरका होता, म्हणून मी कान मोजला. कान ६ मिलिमीटर, डोळ्यापर्यंतचं अंतर ५. कान अंतरापेक्षा मोठा. मग आकाराचा प्रश्न उरला, कारण ते "केवढी मोठी!" यावर अडून बसले होते. फरशी मोजायला सांगितली, ३० सेंटिमीटर. स्क्रीनवर तीच फरशी, प्राण्याच्या अगदी पायाखालची, ७० मिलिमीटर दिसत होती. म्हणजे शरीर सुमारे १९ सेंटिमीटर आणि शेपटी सुमारे २३. चांगला वाढलेला घरउंदीर एवढा असतोच. घुशीचं काही नव्हतं, फक्त शेपटीमुळे एकूण लांबी ४२ सेंटिमीटर भरत होती आणि डोळ्याला ती "मोठी" वाटत होती.

"मग गोळ्या का खाल्ल्या नाहीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर पाहा. घरउंदीर वरून ये-जा करतो. माळ्यावर पाइप भिंतीत शिरतो तिथे दोन बोटांएवढी फट निघाली, कडेला तेलकट काळा डाग. गोळ्या मोरीशी ठेवून तो खाली उतरेल याची वाट पाहिली जात होती.

## निकाल लिहिताना

ओळख सांगताना काय पाहिलं ते सोबत लिहा: "शेपटी शरीरापेक्षा लांब, कान मोठा, तोंड निमुळतं, म्हणून घरउंदीर." असं लिहिलं की दुसऱ्याला चूक पकडता येते. नुसतं "घूस आहे" लिहिलं, तर कुणी तपासूही शकत नाही.

तीनपैकी दोन खुणा जुळल्या आणि तिसरी दिसत नसेल तर "बहुधा" जोडा. दोन खुणा एकमेकींच्या विरोधात गेल्या, म्हणजे शेपटी लांब पण तोंड बोथट, तर प्राण्याला दोष देऊ नका. जवळपास नेहमी फोटोचा कोन चुकलेला असतो. टप्पा ४ मधल्या तीन अटी पुन्हा पाहा आणि शक्य असेल तर आडवा फोटो पुन्हा मागा. नसेल मिळत, तर "उंदीर किंवा घूस, या फोटोवरून ठरत नाही" एवढंच लिहा आणि सोबत बिळाचा किंवा येण्याजाण्याच्या फटीचा फोटो मागवा.